पंचवीस मिलिमीटरांचा एक सेकंद

टेबलावर ईसीजीच्या दोन पट्ट्या आहेत, दोन्ही गुलाबी चौकटींच्या कागदावरच्या. दोन्हींवर रुंद, टोकदार, घाईघाईने एकमेकींच्या पाठीवर चढणाऱ्या लाटा दिसतात. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली त्यांच्यावर वाकून बघतात आणि दोन्हींना एकच नाव देतात : व्हीटी, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून सुटलेली, जीवघेणी ठरू शकणारी धावपळ. मग मॅडम सांगतात, की यातला एक माणूस मरणाच्या दारात होता आणि दुसरा दात घासत होता.

उदाहरण वर्गासाठी रचलेलं आहे, पण हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणाही सिस्टरला ते ओळखीचं वाटेल. तेव्हा त्या रात्रीकडेच जाऊ. बेड क्रमांक चारवर अठ्ठावन्न वर्षांचे एक काका आहेत. त्यांना आदल्या दिवशी हार्ट अटॅक आला आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं गेलं. बेड सहावर हृदयाची गती तपासण्यासाठी दाखल झालेले एक आजोबा आहेत. रात्रपाळीला एक अनुभवी सिस्टर आहेत, आणि त्यांच्या हाताखाली मॉनिटरकडे टक लावून बसलेली एक विद्यार्थिनी.

त्या मॉनिटरवर दिसतं ते काय? हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेची एक लाट जाते. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडना ती जाणवते आणि मशीन तिची रेघ काढतं. लायडन या डच शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी एक अतिसंवेदनशील उपकरण बनवलं, आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. रेघेतल्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावंही त्यांचीच. पी म्हणजे वरचे कप्पे चेतल्याची लहानशी लाट, क्यूआरएस म्हणजे खालचे कप्पे चेतल्याची उंच, अरुंद सुई, आणि टी म्हणजे तेच कप्पे पुन्हा सज्ज होत असतानाची गोल टेकडी.

कागद मात्र आधी समजून घ्यावा लागतो. तो सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. लहान चौकोन एक मिलिमीटरचा, म्हणजे ०.०४ सेकंद. असे पाच लहान चौकोन म्हणजे एक मोठा, ०.२ सेकंदांचा. पाच मोठे चौकोन झाले की एक सेकंद संपला. इतकं पक्कं झालं की उरलेलं सगळं बोटं मोजण्याइतकं सोपं होतं. दोन आर टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते पाहायचं आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं. ठोके अनियमित असतील तर हा हिशेब फसवतो. तेव्हा तीस मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, मोजून त्यातल्या क्यूआरएसची संख्या दहाने गुणायची.

रात्री अकराला काकांची पट्टी काढली तेव्हा दोन आर टोकांमध्ये चार मोठे चौकोन होते. तीनशे भागिले चार, पंच्याहत्तर. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक पी होती, पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत चार लहान चौकोन, म्हणजे ०.१६ सेकंद. साधारणपणे तीन ते पाच लहान चौकोन चालतात. क्यूआरएसची रुंदी दोन चौकोन. तीनपेक्षा कमी असली की ती अरुंद, म्हणजे वीज नेहमीच्या रस्त्याने खाली उतरली. विद्यार्थिनीने वहीत लिहिलं, सायनस ऱ्हिदम.

पण त्याच पट्टीवर मधेच एक ठोका वेगळा दिसत होता. तो वेळेआधी आला, त्याच्या आधी पी नव्हती, तो जाडजूड होता, आणि त्याच्यामागून हृदयाने क्षणभर दम घेतल्यासारखी लांब विश्रांती होती. आपल्याकडच्या वॉर्डांत याला व्हीपीसी म्हणतात. धडधाकट माणसांतही असे ठोके अधूनमधून पडतात, आणि एकट्यादुकट्याने कुणी घाबरायचं कारण नसतं. हार्ट अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसात मात्र ते मोजत राहायचे असतात. काकांना लघवी वाढवणारं औषध चालू होतं आणि संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ३.१ होतं. निरोगी माणसात ते साधारण साडेतीनच्या वर असतं. ते कमी असलं की खालच्या कप्प्यांचे स्नायू चिडखोर होतात. सिस्टरनी डॉक्टरांना फोन करून पोटॅशियमची दुरुस्ती सुरू करून घेतली. रात्रीचं हे काम सर्वांत महत्त्वाचं होतं, आणि पट्टीवर त्याची रेघही उमटत नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी अलार्म वाजला.

मॉनिटरवरच्या सुया गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी रुंद, एकसारख्या, दातेरी लाटांची माळ धावत होती. अशा वेळी विद्यार्थ्याचा हात पट्टीकडे जातो. जायला हवा तो बेडकडे. ती विद्यार्थिनी बेडपाशी गेली, काकांच्या खांद्याला हात लावून हाक मारली. "काका, कसं वाटतंय?" काका बोलले. छातीत धडधडतंय म्हणाले. कपाळावर गार घाम होता. मनगटाला नाडी लागत होती, पण धाग्यासारखी आणि मोजता न येण्याइतकी जलद. रक्तदाब ८४/५०. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपची लाट बारीक पण चालू होती. मग तिने पट्टी काढली.

दोन टोकांमध्ये आठ लहान चौकोन. वेगवान हृदयगतीसाठी लहान चौकोनांचा हिशेब सोयीचा, १५०० भागिले आठ, म्हणजे सुमारे १८७. अंतर सगळीकडे सारखं, म्हणून लय नियमित. क्यूआरएसची रुंदी चार लहान चौकोन, म्हणजे ०.१६ सेकंद. पी शोधून सापडत नव्हती, किंवा मधेच कुठेतरी लाटेत बुडालेली एखादी खूण दिसायची आणि तिचा क्यूआरएसशी काही संबंध लागत नव्हता. रुंद, नियमित, जलद आणि पी बेवारशी. व्हीटी.

इथे पुस्तकं एक अडचण उभी करतात. वरच्या कप्प्यातून सुरू झालेली वेगवान लय, वाटेतली एखादी तार आधीच बिघडलेली असेल तर, रुंद दिसू शकते. तिला व्हीटीपासून ओळखायला बारा लीडचा ईसीजी आणि जाणती नजर लागते, आणि जाणत्या नजरांतही वाद होतात. तेव्हा बेडपाशी एक साधा नियम पाळला जातो : रुंद आणि जलद दिसलं की व्हीटी समजायची, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. हार्ट अटॅक झालेल्या माणसात तर हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. उलट चूक महागात पडते. व्हेरापामिलसारखं औषध वरच्या कप्प्यातल्या काही जलद लयींना उतरवतं, पण तेच व्हीटीत दिलं तर रक्तदाब कोसळू शकतो. कुणी घाईत ते लिहून दिलं, तर पट्टीवर रुंदी मोजलेली नर्स "सर, क्यूआरएस चार चौकोन आहे" एवढं म्हणू शकते, आणि तेवढं पुरतं.

पुढच्या मिनिटात तीन गोष्टी एकाच वेळी झाल्या. सिस्टरनी हाक देऊन मदत मागवली आणि क्रॅश कार्ट बेडपाशी ओढली. विद्यार्थिनीने शिरेची लाइन चालू आहे ना ते पाहिलं. तिसरीने डीसी शॉकचं मशीन चालू केलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांना नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि पट्टी या चार गोष्टी एका वाक्यात मिळाल्या. रुग्ण शुद्धीत, पण रक्तदाब पडलेला, घाम फुटलेला, म्हणजे अस्थिर. रक्तदाब चांगला असता तर औषधाने, बहुधा दहा मिनिटांत १५० मिलिग्रॅम अमिओडॅरोन देऊन, वाट पाहिली गेली असती. इथे वाट पाहायची नव्हती. काकांना झोपेचं औषध देऊन शंभर ज्यूलचा शॉक ठरला.

आणि इथे मशीनवरचं एक छोटं बटण येतं, ज्याच्याविषयी परीक्षेत विचारलं जातं आणि वॉर्डात विसरलं जातं. त्यावर SYNC लिहिलेलं असतं. ते दाबलं की मॉनिटर प्रत्येक आर टोकावर एक खूण करतो आणि शॉक नेमका त्या खुणेवर सुटतो. असं का? टी लाटेच्या सुमारास हृदयाचे काही तंतू सज्ज झालेले असतात आणि काही नसतात. नेमक्या त्या क्षणी वीज बसली, तर जी लय सुधारायची तीच पूर्ण विस्कटते. नाडी असलेल्या माणसाला शॉक द्यायचा तर बटण चालू हवं आणि खुणा प्रत्येक आर टोकावर बसलेल्या दिसायला हव्यात. बटण दाबून ठेवावं लागतं, कारण मशीन पुढच्या आर टोकाची वाट बघतं. बेड मोकळा असल्याची हाक देऊन डॉक्टरांनी बटण दाबलं, अर्ध्या सेकंदाने काकांचं अंग उडालं, आणि पट्टीवर पुन्हा बारीक सुया आल्या. दर मिनिटाला ब्याऐंशी. सिस्टरनी पुन्हा मनगटाला बोटं लावली. रेघ परतली म्हणजे रक्त वाहू लागलं असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

समजा, विद्यार्थिनी बेडपाशी पोहोचली तेव्हा काकांना शुद्ध नसती, श्वास नसता, आणि गळ्याला नाडी लागत नसती. मग पट्टी तीच राहिली असती, पण सगळं काम बदललं असतं. नाडी नसलेली व्हीटी म्हणजे हृदय थांबलंच. तिथे झोपेचं औषध नाही, SYNC नाही, बाराव्या लीडची चौकशी नाही. छाती दाबायला सुरुवात आणि जमेल तितक्या लवकर शॉक. व्हीटी बिघडून लाटांना काही आकारच उरला नाही, रेघ थरथरत्या हाताने काढलेल्या रेघोट्यांसारखी झाली, तर ती व्हीएफ, व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. खालच्या कप्प्यांचे तंतू आपापल्या परीने वळवळतात, पंप चालत नाही. छाती दाबली नाही तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. व्हीएफमध्ये मशीनवरचं SYNC चुकून चालू राहिलं तर फसगत होते. मशीन आर टोक शोधत बसतं, ते सापडत नाही, आणि बटण दाबूनही शॉक सुटत नाही. मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणायला धावण्याआधी तेवढं बटण बघायचं.

आणखी एक रूप आहे, त्याची आठवण काकांच्या पोटॅशियमवरून येते. वाढदिवसाला लावतात त्या क्रेप कागदाची पट्टी पिळली की कशी एकदा रुंद, एकदा चिंचोळी दिसते, तशी काही वेळा व्हीटीची माळ पीळ घेत धावते. पॅरिसचे डॉक्टर फ्रान्स्वा देसेर्तेन यांनी १९६६ साली तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं टोर्साद द पॉइंत. ही लय बहुधा क्यूटी अंतर लांबलेल्या हृदयात येते. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल, किंवा हॅलोपेरिडॉल, अझिथ्रोमायसिन, ऑन्डन्सेट्रॉन अशी औषधं एकत्र पडली असतील, तर धोका वाढतो. शेवटचं नाव बघून दचकायला होतं, कारण उलटीवर ते रोज दिलं जातं. ढोबळ खूण अशी : नेहमीच्या गतीत क्यूटी अंतर दोन आर टोकांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त भरलं, तर डॉक्टरांना सांगायचं. या लयीवर मॅग्नेशियम शिरेतून देतात, आणि माणूस बेशुद्ध असेल तर SYNC न लावता शॉक.

आता बेड सहा.

सकाळी साडेसहाला पुन्हा अलार्म वाजला. मॉनिटरवर रुंद, जलद लाटा. रात्रीचं डोक्यात ताजं असल्याने विद्यार्थिनी क्रॅश कार्टकडे धावली, आणि सिस्टरनी तिला खांद्याला धरून वळवलं. आजोबा पलंगाच्या कडेला बसून ब्रशने दात घासत होते. त्यांच्या उजव्या हाताची हालचाल छातीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत होती आणि मशीन तिची इमानदारीने रेघ काढत होतं. या प्रकाराला आर्टिफॅक्ट म्हणतात. कंपवातातला थरथरणारा हात, हुडहुडी, फिजिओथेरपिस्टने पाठीवर मारलेल्या थापा, सैल झालेला इलेक्ट्रोड, सगळी मंडळी व्हीटीचं सोंग छान वठवतात.

हसण्यावारी नेण्याचा विषय नाही हा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९९ साली अशा बारा रुग्णांची माहिती आली होती. त्यांच्या पट्टीवर दिसलेली व्हीटी खोटी होती, पण त्यांच्यातल्या काहींना औषधं दिली गेली, काहींची हृदयात नळी घालून तपासणी झाली, आणि एकाच्या छातीत तर शॉक देणारं यंत्रही बसवलं गेलं. डॉक्टरांनीच फसल्यावर नवख्या मुलीला कोण दोष देईल?

पट्टी मात्र स्वतःच साक्ष देते. विद्यार्थिनीने आजोबांच्या पट्टीवर कागदाची एक कड ठेवली. लाटा सुरू होण्याआधीच्या शेवटच्या दोन आर टोकांशी खुणा केल्या, त्यांच्यात अठरा लहान चौकोन होते. मग तीच कड लाटांवरून पुढे सरकवत गेली. दर अठराव्या चौकोनाला, त्या जाड लाटेच्या पोटातून, बारीक टोक वर डोकावत होतं. हृदय आपल्या गतीने चालूच होतं, लाटा त्याच्यावर नुसत्या पांघरल्या गेल्या होत्या. खऱ्या व्हीटीत अशी टोकं जुन्या अंतराने सापडत नाहीत. दुसरी साक्ष बोटाच्या क्लिपची. ती हृदयाच्या विजेवर चालत नाही, बोटातल्या रक्तावर चालते, आणि आजोबांच्या पट्टीखाली तिची लाट मिनिटाला त्र्याऐंशी वेळा शांतपणे उठत होती. अठरा चौकोनांचाही हिशेब तेवढाच येतो.

उलट चूकही होते. मॉनिटरवर रेघ सपाट झाली की सिनेमातले डॉक्टर धावत येऊन शॉक देतात. खऱ्या सपाट रेघेला, म्हणजे असिस्टोलला, शॉकचा उपयोग नाही, कारण विस्कटलेली वीजच तिथे नसते, ती उरलेलीच नसते. तिथे छाती दाबायची आणि दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रिनलिन द्यायचं. पण सपाट रेघ बऱ्याचदा एका निखळलेल्या लीडचीही असते. केसाळ छाती, घामाने सुटलेला चिकट पॅच, कूस बदलताना ओढली गेलेली तार. माणूस जेवताना बोलत असेल तर प्रश्नच नाही, इलेक्ट्रोड पुन्हा लावायचे. माणूस हलत नसेल तर छाती दाबायला लागायचं, आणि दुसरं कुणीतरी तारा, लीडची निवड आणि लाटेचा आकार वाढवण्याचं बटण तपासेल. बारीक व्हीएफ कधी कधी सपाट रेघेसारखी दिसते, आणि तिला मात्र शॉक लागतो.

सर्वांत फसवं रूप म्हणजे सुंदर दिसणारी पट्टी. सुया नीट, गती ऐंशी, पी जागेवर, आणि गळ्याला नाडी नाही. वीज चालते, पंप चालत नाही. प्रचंड रक्तस्राव झालेला असेल, हृदयाभोवती रक्त साचलेलं असेल किंवा फुप्फुसातली रक्तवाहिनी मोठ्या गुठळीने बंद झाली असेल, तर असं होतं. मॉनिटर त्या वेळी अलार्मही वाजवत नाही, उलट हिरवा आकडा दाखवतो.

नर्सने पट्टी का वाचावी, हा प्रश्न आज कुणी विचारत नाही, पण तो एकेकाळी विचारला गेला होता. १९६२ च्या सुमारास अमेरिकेत पहिले कोरोनरी केअर युनिट सुरू झाले. त्याआधी अटॅकच्या रुग्णांना साध्या वॉर्डात ठेवत, आणि डॉक्टर धावत येईपर्यंत व्हीएफमध्ये पुष्कळांचा जीव जाई. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स मेल्ट्झर या डॉक्टरांनी आणि रोझ पिनिओ या नर्सने असं काम उभं केलं, की पट्टी बेडपाशी चोवीस तास असणारी नर्स वाचेल आणि गरज पडली तर शॉकही तीच देईल. आपल्याकडे शॉक कोण देणार हे रुग्णालयाच्या प्रोटोकॉलवर ठरतं. पट्टी वाचण्याचं आणि छाती दाबायला लागण्याचं काम मात्र सगळीकडे नर्सचंच आहे.

सकाळी पाळी बदलली तेव्हा काकांच्या फाइलमध्ये तीन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या : अकराची, दोन चाळीसची आणि शॉकनंतरची. मधल्या पट्टीवर विद्यार्थिनीने निळ्या पेनाने लिहिलं होतं : "२.४१. नाडी लागते, क्षीण. बीपी ८४/५०. बोलतात." पट्टी फाडली की वेळेबरोबर हे लिहायचं. गती आणि रुंदी कागदावरून कुणालाही केव्हाही मोजता येते, नाडी नंतर मोजता येत नाही.